नातीच्या पहिल्या संक्रांतीला आजी-आजोबांनी काय लिहावं?

प्रश्न: मुलगा-सून बंगळुरूला असतात. नोव्हेंबरात नात झाली, यंदा तिची पहिली संक्रांत. तब्येतीमुळे आम्हा दोघांना जाता येत नाही, म्हणून हलव्याचे दागिने, झबलं आणि तिळगूळ पाठवतोय. सोबत चार ओळी लिहायच्या आहेत, पण सुरुवातच होत नाही. मायना काय घालावा? पत्र बाळाला लिहायचं की त्या दोघांना? मोबाइलवर येणारे मेसेज पाहिले, ते कुणालाही पाठवले तरी चालतील असे वाटतात.

उत्तर:

ताई, मी पत्रिकांचा मजकूर लिहिते. लग्न, मुंज, बारसं, साठीशांत, सगळं. गेली बावीस वर्षं एका छापखान्यात बसून हेच काम. डिसेंबर संपत आला की तुमच्यासारखे आजी-आजोबा हमखास येतात. हातात हलव्याच्या दागिन्यांचा खोका असतो आणि "सोबत दोन ओळी सुचवा हो" म्हणतात. त्यामुळे अडतं कुठे ते मला बऱ्यापैकी माहीत आहे.

तुमच्या प्रश्नातच गुंता आहे: बाळाला की त्या दोघांना? दोघांनाही, पण एकाच परिच्छेदात नाही. नात दोन महिन्यांची. तिला उद्देशून तुम्ही काहीही लिहा, वाचणार तिची आई, बहुधा मध्यरात्री, एका हातावर बाळ घेऊन. आणि कागद जपला गेला तर वीस वर्षांनी नात स्वतः वाचेल. म्हणजे एक ओळ आज आईच्या आणि उद्या नातीच्या डोळ्याखालून जाणार. हे लक्षात ठेवलं की काय लिहायचं आणि काय गाळायचं ते बरंचसं आपोआप ठरतं. कागदावर आधी बाळाला 'तू' म्हणून एक तुकडा लिहा. मग एक ओळ मोकळी सोडा आणि आईबाबांना 'तुम्ही' म्हणून दुसरा, लहान तुकडा लिहा. बाळाच्या तुकड्यात आईबाबांसाठी निरोप नको आणि आईबाबांच्या तुकड्यात उपदेश नको.

आता मायना. जुन्या पत्रांत थोरांना 'तीर्थरूप', बरोबरीच्यांना 'स. न. वि. वि.' म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, आणि धाकट्यांना 'चि.' लिहून पुढे 'अनेक आशीर्वाद' अशी उतरंड होती. तुम्ही सगळ्यांत थोरल्या, तेव्हा तुमच्याकडून फक्त आशीर्वाद जातो. 'लोभ असावा ही विनंती' अशी शेवटची ओळ नातीला लिहिलेली मी पाहिली आहे. हसू येतं, कारण आजीनं नातीकडे लोभाची विनंती करायची नसते. नातीसाठी 'चि.' पुरेसं आहे, ते मुलगा-मुलगी दोघांना चालतं. 'कु.' घातलं नाही तर काही बिघडत नाही. बारसं झालं असेल तर नाव लिहा आणि शेजारी घरात जी हाक मारतात तीही लिहा. मोठेपणी तिला पाळण्यातल्या नावापेक्षा ती हाक वाचून जास्त मजा येते. बारसं व्हायचं असेल तर 'चि. बाळास' म्हणा, नावाचा अंदाज बांधू नका.

सूनबाईंना 'चि. सौ.' हा रिवाज आहे. एक चूक मात्र सर्रास होते. 'चि. सौ. कां.' म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, ते लग्न ठरलेल्या मुलीच्या नावामागे, पत्रिकेपुरतं. लग्नानंतर 'कां.' गळतं. सूनबाई स्वतःच्या नावामागे 'सौ.' लावत नसतील तर तुम्हीही लावू नका, नुसतं नाव लिहा. आणि त्यांना स्वतःची ओळ द्या. जुन्या पद्धतीत सगळं पत्र मुलाच्या नावानं असायचं आणि तळाशी 'सौ. सूनबाईस आशीर्वाद सांगणे' एवढंच. नऊ महिने जिनं पोटात वाढवलं तिला तळाशी बसवायचं, हे आता कुणाला रुचणार? मी तर सूनबाईंचं नाव आधी आणि मुलाचं नंतर लिहायला सांगते. एकदा एका आजोबांनी भुवया उंचावल्या होत्या, तरी तसंच लिहून घेऊन गेले.

वर 'श्री' किंवा तुमच्या कुलदैवताचं नाव. त्याखाली उजवीकडे गाव आणि तारीख. तिथी जरूर घाला, कारण इंग्रजी तारीख फोटोवरही सापडते, तिथी कुणी लिहीत नाही. २०२६ ची संक्रांत १४ जानेवारीला, पौष वद्य एकादशीला आली. म्हणजे तीळही आणि उपासही. अनेक घरांत त्या दिवशी बाजरीची भाकरी आदल्या दिवशीच्या भोगीपुरतीच राहिली. अशी एखादी गोष्ट पत्रात आली की ते पत्र त्याच वर्षाचं होतं. तारीख मात्र कॅलेंडर बघून लिहा. संक्रांत कधी १४ ला येते, कधी १५ ला. २०२४ साली ती १५ ला होती आणि तेव्हाही लोक सवयीनं १४ लिहून बसले होते.

खरी अडचण मजकुराची. एक प्रसंग सविस्तर सांगते. साताऱ्याकडचे एक आजी-आजोबा आले होते, नातू चार महिन्यांचा. ओळख लपवायला बारीकसारीक बदलते आहे. आजोबांनी घरून लिहून आणलं होतं ते असं:

"आपल्या घराण्यात कुलदीपक जन्मला. मकर संक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा. सूर्याचे उत्तरायण तुझ्या आयुष्यात सुख, समृद्धी व आरोग्य घेऊन येवो. तिळाची स्निग्धता व गुळाचा गोडवा तुझ्या जीवनात राहो. थंडी फार आहे, बाळाच्या कानाला टोपरे घालत जावे. मालिशचे तेल आम्ही सांगितले तेच वापरावे. दिवाळीला येणे झाले नाही, आता पाडव्याला तरी यावे. सौ. सूनबाईस आशीर्वाद."

वाईट हेतू एकाही शब्दात नाही. पण हे पत्र मी त्यांच्या सुनेच्या जागी बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. 'कुलदीपक' म्हटलं, तर मुलगी झाली असती तेव्हा काय लिहिलं असतं? उत्तरायणाची आणि स्निग्धतेची वाक्यं तर दुकानाच्या कार्डावर आधीच छापलेली असतात, त्यांत आजोबा कुठेच नाहीत. आणि पुढची तीन वाक्यं? टोपरं, तेल, दिवाळी. म्हणजे तू थंडीत नीट गुंडाळत नाहीस, आमचं तेल वापरत नाहीस आणि सणाला आली नाहीस. शुभेच्छांच्या कागदावर तीन तक्रारी. आजी पटकन म्हणाल्या, "मी तेलाचं लिहू नका म्हणत होते." आजोबा गप्प.

मग मी नेहमीचे प्रश्न विचारले. बाळ झाल्याचा फोन आला तेव्हा तुम्ही काय करत होतात? पार्सलमध्ये जे पाठवताय त्यातली कुठली वस्तू घरची आहे? आणि त्या दोघांचं काय बघून तुम्हाला बरं वाटलं? पत्र लिहायला ही तीन उत्तरं पुरतात. पहिलं आणि दुसरं बाळाच्या तुकड्यात जातं, तिसरं आईबाबांच्या.

फोन आला तेव्हा आजोबा मेथी निवडत होते. आनंदात पानं टाकून दिली आणि काड्या ताटात ठेवल्या. हे आजींनी सांगितलं, आजोबा "छे, काहीतरीच" म्हणत राहिले. घरची वस्तू म्हणजे झबलं. आजींनी आपली चंद्रकळा फाडून शिवलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी नेसवलेली ती काळी सुती चंद्रकळा, धुऊन धुऊन मऊ झालेली. त्यांनी मला झबलं उलटसुलट करून दाखवलं: शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे बाळाला टोचत नाही, आणि बटणांऐवजी बंद. तिसऱ्या प्रश्नाला आजोबांनी वेळ घेतला. शेवटी म्हणाले, "आमचा मुलगा रात्री उठतो म्हणे. दोघं पाळी लावून उठतात. मी कधी उठलो नव्हतो."

इथे मी पेन खाली ठेवलं, कारण पत्र झालं होतं. बाकी नुसतं जुळवायचं राहिलं. त्यांनी नेलेला मजकूर त्यांच्या परवानगीनं देते, घरातली हाक बदलून:

॥ श्री ॥
पौष वद्य एकादशी, शके १९४७
१४ जानेवारी २०२६

चि. मनू,
अनेक आशीर्वाद. तुझी ही पहिली संक्रांत. तुझ्या अंगावरचं काळं झबलं आजीच्या चंद्रकळेचं आहे. ती चंद्रकळा ती तिच्या या घरातल्या पहिल्या संक्रांतीला नेसली होती. तू झालास असा फोन आला तेव्हा आजोबा मेथी निवडत होते. त्यांनी पानं टाकली आणि काड्या ठेवल्या. त्या दिवशी आपल्याकडे भाजी झाली नाही. तिळगूळ तुला अजून चालत नाही, म्हणून तुझ्या वाटणीचा आम्हीच खाल्ला. बोलायला लागलास की पुढचा तुझा. औक्षवंत हो.

चि. सौ. सूनबाई आणि चि. बाळासाहेब,
तिळगूळ घ्या, गोड बोला. छोट्या डब्यातले लाडू फक्त तुमचे, रात्री जागताना खायला. तुम्ही दोघं पाळीपाळीनं उठता हे कळलं. मला माझ्या वेळी हे सुचलं नव्हतं. झबलं मापाला बसलं नाही तर तसंच ठेवून द्या.

तुझे
आजी-आजोबा

शंभर-सव्वाशे शब्द. एवढं पुरे. यात 'सुख-समृद्धी' नाही, 'हार्दिक' नाही, तरी संक्रांत आहे: काळं वस्त्र आहे, तिळगूळ आहे, गोड बोलणं आहे. आशीर्वाद एकच, 'औक्षवंत हो', तोही आजी तोंडानं म्हणतात तसा. सूनबाई आणि बाळासाहेब या त्यांच्या रोजच्या हाका, म्हणून त्या चालल्या. तुमच्याकडे नावानं हाक मारत असाल तर नावच लिहा. 'झबलं मापाला बसलं नाही तर' हे वाक्य आजींचं. पार्सल उघडल्यावर घालून फोटो पाठवायलाच हवा, हे ओझं त्या एका वाक्यानं उतरतं.

तुमच्याकडे नात आहे, म्हणून दोन शब्दप्रयोगांबद्दल मुद्दाम सांगते. 'पहिली बेटी, धनाची पेटी' लोक कौतुकानं लिहितात, पण ऐकणाऱ्याला त्यात समजूत घातल्यासारखं वाटतं. मुलगा झाला की कुणी अशी म्हण शोधत नाही. दुसरं म्हणजे 'अखंड सौभाग्यवती भव'. दोन महिन्यांच्या बाळाचं लग्न कशाला काढायचं? 'औक्षवंत हो', 'उदंड आयुष्याची हो', 'शहाणी हो', काय हवं ते म्हणा. नाकडोळे कुणावर गेले तेही लिहू नका. ते दर महिन्याला बदलतं आणि एका बाजूचं नाक घेतलं की दुसरी बाजू नाराज.

दुसऱ्या बाजूवरून आठवलं. पहिली खेप असेल आणि बाळ दोन महिन्यांचं असेल, तर सूनबाईंच्या आई तिकडे आलेल्या असण्याची किंवा सूनबाईच माहेरी असण्याची शक्यता बरीच. मग पत्र विहीणबाईंच्या डोळ्यांसमोर उघडलं जाणार. आईबाबांच्या तुकड्याच्या शेवटी 'विहीणबाईंना नमस्कार, त्यांच्यासाठीही तिळगूळ आहे' अशी ओळ घाला आणि खरंच वेगळी पुडी ठेवा. आपण जाऊ शकलो नाही याची खंत मात्र तिथे लिहू नका. जी बाई तिकडे रात्री जागते आहे तिच्यासमोर ती खंत वेगळीच वाजते.

तब्येतीचं कारण लिहायचंच असेल तर एका वाक्यात, तक्रारीचा सूर न लावता: 'गुडघे बरे झाले की येतो.' त्यापुढे औषधं नकोत.

वर्षभरात घरात कुणी गेलं असेल तर वेगळा विचार करावा लागतो. अनेक घरांत पहिलं वर्षभर सण करत नाहीत. अशा वेळी 'संक्रांतीच्या शुभेच्छा' हे शब्द घालू नका. तिळगुळाचं नावही नको. नुसतं 'चि. बाळास आशीर्वाद' आणि बाळाबद्दलचे दोन शब्द. गेलेल्या माणसाचा उल्लेख बाळाच्या तुकड्यात एका ओळीत केला तर चालतो, 'पणजी असती तर तुला मांडीवरून उतरवलं नसतं' असा. जन्मानंतर बाळ बरेच दिवस दवाखान्यात राहिलं असेल, तर 'पहिली संक्रांत' एवढं म्हणणंच पुष्कळ आहे. 'संकट टळलं' वगैरे लिहून आईला ते दिवस पुन्हा आठवायला लावू नका.

आता पार्सलबद्दल, कारण पत्राची नासाडी बहुतेक वेळा तिथेच होते. पूर्वी संक्रांतीला लहानशी भेटकार्डं मिळायची. पाकिटात चिमूटभर हलवा किंवा तिळगूळ घालून ती पोस्टानं पाठवायची पद्धत होती. आमच्या घरी यायची तेव्हा शिक्क्याच्या दणक्यानं हलव्याचा चुरा झालेला असायचा आणि तिळाच्या तेलानं कार्डावर पारदर्शक डाग पडलेला असायचा. आम्ही मुलं तो चुरा चाटायचो. आता तुम्ही जपून ठेवण्यासारखा कागद पाठवताय, तर तिळाजवळ तो ठेवू नका. तिळात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. लाडू कितीही कोरडा दिसला तरी दोन-तीन दिवसांच्या प्रवासात कागद ते तेल ओढून घेतो. गूळ हवेतलं पाणी ओढतो. पत्र वेगळ्या पाकिटात, ते पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी खोक्यात सगळ्यांत वर, म्हणजे उघडल्यावर आधी हाताला तेच लागेल. लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात तळाशी. हलव्याच्या दागिन्यांना कापूस लावू नका, काट्यांत अडकतो आणि काढताना काटे मोडतात. मऊ कागद चुरगाळून भोवती भरा. रंगीत हलवा असेल तर तो झबल्याला लागू देऊ नका, दमट हवेत रंग सुटतो.

कागद जाड आणि शक्यतो आम्लविरहित घ्या, चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात मिळतो. साधा स्वस्त कागद वर्तमानपत्रासारखा पिवळा पडतो. जेल पेनची शाई ओल्या बोटानं फासते, म्हणून पाण्यानं न पुसणाऱ्या काळ्या शाईचं पेन वापरा. हात थरथरत असेल तर पेन्सिलीनं सेंटिमीटर-सेंटिमीटरवर फिकट रेघा मारून घ्या आणि नंतर खोडा. अक्षर वाकडं आलं तर येऊ द्या. छापून देऊ का, असं मीच लोकांना विचारते, तो माझा धंदा आहे, पण या एका कागदाला मी छपाईचे पैसे घेत नाही, परत पाठवते. आणि लॅमिनेशन करू नका. गरम चिकट थर एकदा बसला की निघत नाही आणि पुढे तोच पिवळा पडला तर कागद वाचवता येत नाही.

डब्यावर चिठ्ठी चिकटवा: 'तिळगूळ मोठ्यांसाठी'. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नसतं. मध तर वर्षभर चाटवायचा नाही, त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. बोटाला तिळगूळ लावून 'नुसतं ओठाला' चाटवायची हौस घरातल्या कुणालातरी येतेच, म्हणून ती चिठ्ठी. दागिन्यांचंही तेच. सुटलेला हलव्याचा दाणा बाळाच्या घशात अडकू शकतो. पाठवण्याआधी प्रत्येक दोरा हलका ओढून बघा आणि चिठ्ठीत लिहा की फोटोपुरते घाला, लगेच काढा. एवढ्या लहान बाळाला मुकुट नको, मान धरत नसते. मुकुट पाळण्याला बांधा, फोटोत तोही छान दिसतो.

बोरन्हाणाचा आग्रह पत्रात करू नका. ते पहिल्याच संक्रांतीला झालं पाहिजे असं नाही, लोक पाच वर्षांपर्यंत करतात आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात. दोन महिन्यांच्या बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे आणि हरभऱ्याचे घाटे ओतायचे म्हणजे बाळ घाबरणार. पुढच्या वर्षी ती बसती असेल आणि स्वतः बोरं वेचेल. तेव्हा तुम्हीही तिथे असाल, असं धरून पत्रात लिहा: 'बोरन्हाण पुढच्या वर्षी, आम्ही बोरं घेऊन येतो.'

मोबाइलवरून पाठवायचं झालं तर सकाळी सहाला घरच्या ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर शंभर तिळाच्या चित्रांमध्ये तुमचं वाक्य हरवतं आणि त्या दोघांना सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. दोघांना वेगळं पाठवा, तीन ओळी पुरेत: 'चि. बाळास पहिल्या संक्रांतीचे आशीर्वाद. तिळगूळ पोचेल तेव्हा पोचेल. उत्तराची घाई नाही.' आजोबांच्या आवाजातलं तीस-चाळीस सेकंदांचं ध्वनिमुद्रण त्यासोबत पाठवलंत तर आणखी बरं, फक्त तेव्हा पंखा आणि टीव्ही बंद ठेवा. नातीचा फोटो स्टेटसला लावायचा असेल तर आधी विचारा.

पार्सल निदान आठवडाभर आधी टाका. संक्रांतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत कुरिअरवाल्यांकडे तिळगुळाच्या डब्यांची रांग असते. उशीर झालाच तरी हरकत नाही, रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो. फक्त उशिरा पोचणार हे आधी कळलं असेल तर पत्रावरची तारीख संक्रांतीचीच ठेवा आणि खाली 'पाठवायला उशीर झाला' असं लिहा.

आणि हो, दागिन्यांच्या खोक्यावर दुकानाची चिठ्ठी असते, किमतीची. ती काढायला विसरू नका. मागच्या वर्षी एका आजींनी विसरून तशीच पाठवली. सुनेचा फोन आला, "आई, एवढे कशाला खर्च केलेत?" आणि पत्राबद्दलचं बोलणं चार दिवसांनी झालं.